रिकाम्या बोटांना काम

एल्डन रिंगमध्ये लिमग्रेव्हच्या माळावर सोनेरी चिलखतातला तो घोडेस्वार मागे लागला की पळावं लागतं. प्लेस्टेशनच्या कंट्रोलरवर पळायचं म्हणजे डाव्या अंगठ्याने काठी पुढे ढकलायची आणि उजव्या अंगठ्याने सर्कल दाबून धरायचं. पण घोडेस्वार कुठून येतोय ते बघायला कॅमेरा फिरवावा लागतो आणि कॅमेराही उजव्याच अंगठ्याकडे, उजव्या काठीवर. अंगठा एक, कामं दोन. मग माणूस नकळत तर्जनी वाकवून वरून सर्कलवर आणतो आणि अंगठा काठीवर ठेवतो. हात खेकड्याच्या नांगीसारखा दिसतो. खेळणाऱ्यांत या पकडीला ‘क्लॉ’ म्हणतात.

मी जवळपास दोन महिने तसा खेळलो. चाळिशी उलटलेल्या हाताला ते मानवलं नाही. सकाळी दाराची कडी काढताना अंगठ्याच्या मुळाशी कळ यायला लागली, तेव्हा कुठे लक्ष या यंत्राकडे गेलं. (आमची आई त्याला अजून ‘रिमोट’च म्हणते.)

आधी एक हिशेब करून बघा. कंट्रोलर नेहमीसारखा हातात धरा आणि कोणतं बोट काय करतं ते मोजा. दोन अंगठ्यांकडे दोन काठ्या, त्या काठ्या आत दाबल्या की लागणारी L3 आणि R3, डावीकडची चार दिशांची बटणं आणि उजवीकडची चार चिन्हांची बटणं. दोन तर्जनींकडे L1, L2, R1, R2. मधलं बोट, अनामिका आणि करंगळी मिळून सहा बोटं फक्त यंत्र तोलून धरतात. सगळा भार अंगठ्यांवर आणि सहा कामगार बसून. मागच्या बाजूला पॅडल लावायचं ते या बसलेल्यांपैकी मधल्या बोटाला कामाला लावण्यासाठी. जास्त वेगाने खेळता येईल, असं जाहिरातीत सांगतात. माझ्या लेखी तो भाग दुय्यम आहे.

पण पॅडल विकत घेण्याआधी फुकटातले दोन उपाय करून बघावेत. त्यासाठी एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. बटण दाबल्यापासून पडद्यावरचा माणूस हलेपर्यंत अदलाबदल तीन ठिकाणी करता येते. पहिलं ठिकाण खुद्द कंट्रोलर, दुसरं कन्सोल, तिसरं गेम. संदेश याच क्रमाने जातो. कंट्रोलर म्हणतो ‘सर्कल दाबलं’. कन्सोल ते ऐकतो आणि सांगितलेलं असेल तर त्याचं ‘क्रॉस’ करून पुढे पाठवतो. गेमला मूळचं काय होतं याचा पत्ताच नसतो. त्याला क्रॉस मिळालं, तो उडी मारतो. हा क्रम ध्यानात राहिला की पुढचे बरेच घोळ आपोआप सुटतात.

प्रयोग मात्र उलट्या क्रमाने करायचे, आधी गेम, मग कन्सोल आणि शेवटी कंट्रोलर. गेममधल्या सेटिंगमध्ये बदल केला तर तो त्या एकाच गेमपुरता राहतो आणि पडद्यावरच्या सूचनाही बहुधा त्याप्रमाणे बदलतात. एल्डन रिंगमध्ये बटणं बदलायची सोय आहे. मी पळण्याचं काम L3 वर नेलं आणि L3 वरचं वाकून चालण्याचं काम सर्कलवर आणलं. उजवा अंगठा सुटला. पण आता डाव्या अंगठ्याला काठी पुढे ढकलता ढकलता आतही दाबून धरावी लागत होती. तीन संध्याकाळी खेळल्यावर दुखणं उजवीकडून डावीकडे गेलं, एवढाच काय तो फरक. ज्या गेममध्ये पळण्यासाठी L3 एकदाच टिचकावून चालतं, तिथे हा उपाय छान लागू पडतो. दाबून धरावं लागत असेल तर नाही.

मग कन्सोलची पायरी. प्लेस्टेशन ५ वर वाट अशी आहे:

```
Settings > Accessibility > Controllers > Custom Button Assignments
```

तिथे ही सोय आधी चालू करायची, मग कोणतं बटण कोणत्या कामाला ते ठरवायचं. प्लेस्टेशन ४ वरही हे Accessibility खालीच, Button Assignments या नावाने आहे. दोन्हीकडे बदल सगळ्या कन्सोलला लागतो. गेमबरोबर होम स्क्रीनवरची ‘मागे जा’, ‘हो’ ही बटणंही फिरतात. शिवाय गेमला या बदलाची कल्पना नसल्याने पडद्यावर जुनीच चिन्हं दिसत राहतात. गेम म्हणतो ‘स्क्वेअर दाबा’, आणि तुम्हाला मनातल्या मनात भाषांतर करून दुसरंच काहीतरी दाबायचं असतं. दिवाळीच्या सुट्टीत भाचा आला, पाच मिनिटं खेळला आणि ‘मामा, तुमचा कंट्रोलर बिघडलाय’ म्हणून ठेवून दिला. बिघडला नव्हता, मी R1 आणि R2 ची अदलाबदल करून ठेवली होती.

ती अदलाबदल वाईट नव्हती, हेही सांगायला हवं. R2 हा लांब खोल दाबायचा घोडा, R1 छोटं टिचकीचं बटण. एल्डन रिंगमध्ये साधा वार R1 वर असतो आणि तोच सर्वांत जास्त लागतो. ज्यांच्या तर्जनीला वर ताणून R1 गाठणं जड जातं त्यांना ही अदलाबदल बरी वाटते. ज्यांना खोल घोडा दाबायचा त्रास आहे त्यांनी जिथे वार किंवा गोळी R2 वर आहे तिथे उलट करावं. कन्सोलची सोय अशा कामासाठी चांगली आहे.

मात्र या सोयीला एक मर्यादा आहे. कन्सोल बटणांची फेरवाटणी करतो, नवं बटण देत नाही. माझ्या अडचणीवर मी बरीच डोकेफोड केली. सर्कल L1 वर नेलं तर ढाल अंगठ्याकडे येते. R1 वर नेलं तर तलवार येते. दहाही बोटं कामाला असती तर प्रश्न वाटणीचा झाला असता, पण इथे चार बोटं राबत होती आणि चौघांचेही हात भरलेले होते. तेव्हा पाचवं बोट आणणं भाग होतं.

पॅडल म्हणजे काय, याबद्दल पुष्कळांचा गैरसमज असतो. ते नवं बटण आहे असं वाटतं. प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्सवर ते तसं नसतं. पॅडल म्हणजे आधीच असलेल्या एखाद्या बटणाची नक्कल. तुम्ही त्याला सांगता ‘तू सर्कल’, आणि ते दाबलं की कंट्रोलर कन्सोलला ‘सर्कल दाबलं’ एवढंच कळवतो. ते समोरून दाबलं की मागून, हे कन्सोलला कळत नाही. त्यामुळे गेमच्या सेटिंगमध्ये ‘मागचं डावं पॅडल’ असं काही शोधत बसू नका, सापडणार नाही. आणि वर सांगितलेला क्रम इथे आडवा येतो. पॅडलला सर्कल नेमलंय आणि कन्सोलमध्ये जुनी सर्कल-क्रॉसची अदलाबदल तशीच राहिली असेल, तर पॅडल दाबल्यावर माणूस पळण्याऐवजी उडी मारेल. नवीन पॅडल ‘चुकीचं चालतंय’ अशी तक्रार असेल तर आधी हे बघावं. पॅडल लावायच्या दिवशी कन्सोलमधले सगळे बदल बंद करून टाकावेत आणि एकाच ठिकाणी फेरफार ठेवावा, म्हणजे शोधाशोध वाचते.

पॅडल मिळवायचे मार्ग तीन.

पहिला, बनूनच तसा आलेला कंट्रोलर. प्लेस्टेशन ५ साठी सोनीचा ड्युअलसेन्स एज जानेवारी २०२३ मध्ये आला. मागे दोन बटणं, ती काढता-घालता येतात आणि सोबत दोन आकार मिळतात, एक लांब पात्यासारखा, दुसरा अर्ध्या गोळीसारखा. काठ्यांच्या खाली Fn नावाची दोन छोटी बटणं आहेत. Fn धरून ट्रँगल दाबलं की मूळची मांडणी येते, आणि सर्कल, क्रॉस, स्क्वेअर यांवर तुमच्या स्वतःच्या तीन मांडण्या ठेवता येतात. Fn धरून OPTIONS दाबलं तर गेम चालू असतानाच मांडणी बदलायचा पडदा उघडतो. प्रयोग करताना हे फार सोयीचं पडतं. भाचा आला तर Fn आणि ट्रँगल, तो गेला की Fn आणि सर्कल, भांडण मिटलं. तोटे दोन. किंमत साध्या कंट्रोलरच्या दुपटीहून बरीच वर जाते, आणि बॅटरी साध्यातली १५६० एमएएचची असते ती इथे १०५० आहे. मी वायर लावूनच खेळतो.

दुसरा मार्ग जुन्या ड्युअलशॉक ४ वाल्यांसाठी. सोनीने २०२० च्या सुरुवातीला त्याच्यासाठी मागून अडकवायचा एक जोड काढला होता. तो खालच्या हेडफोनच्या खाचेत बसतो, मध्ये इवलासा पडदा, दोन बाजूंना दोन बटणं, तीन मांडण्या. उघडायचं नाही, डाग लावायचा नाही, असा सरळ मामला. कुठे मिळाला तर जरूर घ्या. मात्र ड्युअलशॉक ४ वर प्लेस्टेशन ५ च्या गेम खेळता येत नाहीत, त्या कन्सोलवर तो फक्त प्लेस्टेशन ४ च्या गेमना चालतो. एल्डन रिंगसारख्या ज्या गेमची प्लेस्टेशन ४ ची आवृत्तीही आहे, तिथे ती आवृत्ती उतरवून घेतली की जोड चालतो. फक्त ५ वर साठवलेला खेळ ४ च्या आवृत्तीत उघडत नाही. पन्नास तासांनंतर हा शोध लागला तर पुन्हा शून्यातून सुरुवात करावी लागेल.

तिसरा मार्ग म्हणजे साध्या ड्युअलसेन्सचं पोट उघडून आत किट बसवणं. लॅमिंग्टन रोडच्या आसपास वाढलेल्या आम्हा लोकांना हा मार्ग सर्वांत प्रिय आणि सर्वांत जास्त चटके इथेच बसतात. किटमध्ये नवं मागचं कवच, त्यात दोन किंवा चार पॅडल, एक छोटा सर्किट बोर्ड आणि पातळ पट्टीसारखी वायर असते. ही पट्टी मूळ बोर्डावर बटणांच्या संपर्कबिंदूंशी जोडली जाते. पॅडल दाबलं की त्या बिंदूवर बटण दाबल्यासारखीच जोडणी होते. काही किटना डाग लागतो, काही नुसती दाबून बसवायची असतात. पहिल्यांदाच करत असाल तर दुसऱ्या प्रकारचंच घ्या.

किट मागवण्याआधी बोर्डाचा क्रमांक बघणं अनिवार्य. ड्युअलसेन्सच्या बोर्डाच्या आवृत्त्या होत गेल्या आहेत, त्यांवर BDM-010, BDM-020, BDM-030 असे क्रमांक छापलेले असतात, आणि एकाचं किट दुसऱ्याला बसेलच असं नाही. बाहेरून बघून खात्री होत नाही. माझ्या एका मित्राने अंदाजाने ०३० चं मागवलं आणि उघडल्यावर ०२० निघालं. तेव्हा आधी उघडा, क्रमांकाचा फोटो काढा, बंद करा, मग ऑर्डर द्या. उघडलेल्या कंट्रोलरवर वॉरंटी मागता येणार नाही असं धरूनच चला.

उघडणं तसं अवघड नाही. काठ्यांभोवतीची काळी पट्टी आधी अलगद उचकटायची. तिच्याखाली दोन्ही मुठींजवळ एकेक स्क्रू दिसतो. आणखी दोन स्क्रू L1 आणि R1 च्या बटणांखाली लपलेले असतात, ती बटणं पातळ प्लास्टिकच्या पट्टीने वर काढावी लागतात. स्क्रू लहान चौफुलीचे आहेत, घरातला मोठा पेचकस लावून त्यांची डोकी खराब करू नका. मागचं कवच निघालं की पहिलं काम बॅटरीची वायर काढणं. त्यानंतर सगळ्यात नाजूक भाग म्हणजे टचपॅडच्या पातळ पट्ट्या. त्या ओढून काढायच्या नसतात, आधी खाचेवरची कुलूपपट्टी सोडवायची. परत बसवताना पट्टी एक केसभर तिरकी राहिली तरी टचपॅड मुका होतो. मित्राचा झाला होता. त्याने अख्खं किट दोषी ठरवून काढून टाकलं, शेवटी सापडली ती तिरकी पट्टी.

म्हणून स्क्रू आवळण्याआधी तपासणी करावी. विंडोजचा संगणक जवळ असेल तर कंट्रोलर यूएसबी वायरने जोडा, विंडोज आणि R या कळा एकत्र दाबा आणि उघडलेल्या चौकटीत हे टाका:

```
joy.cpl
```

यादीत कंट्रोलर दिसेल, त्याच्या Properties मध्ये आकड्यांचे दिवे असतात. स्क्वेअरला १, क्रॉसला २, सर्कलला ३, ट्रँगलला ४. आधी समोरचं सर्कल दाबा, ३ पेटेल. मग सर्कल नेमलेलं पॅडल दाबा, तोच ३ पेटला पाहिजे. आता कवच नुसतं दाबून बसवा आणि कशालाही हात न लावता बघा. ३ आपोआप पेटून राहिला तर किटची पट्टी कवचाच्या काठात चिमटली आहे. पेटतो-विझतो असं झालं तर कुठेतरी जोडणी सैल आहे. काठ्या सोडल्यावर अधिकचं चिन्ह मध्यावर येत नसेल तर उघडताना काठीच्या भागाला धक्का बसलाय. हे सगळं स्क्रू लावण्याआधी कळलं तर पाच मिनिटांचं काम, नंतर कळलं तर पुन्हा चार स्क्रू आणि पुन्हा ती काळी पट्टी, आणि ती दर उचकटण्याला थोडी सैल होतेच.

किटबरोबर ‘टर्बो’ किंवा ‘मॅक्रो’ मिळत असेल तर ऑनलाइन खेळताना ते बंद ठेवा. एक दाबणं म्हणजे एकच दाबणं, इतपत नक्कल आरामासाठी पुरते. एका दाबण्यात पाच चाली हा वेगळा विषय आहे आणि त्यावरून खाती बंद होतात.

एक्सबॉक्सवाल्यांचं काम सोपं आहे. Xbox Accessories नावाचं मोफत ॲप कन्सोलवर आणि विंडोजवर दोन्हीकडे चालतं आणि साध्या कंट्रोलरचीही बटणं त्यातून बदलता येतात. एलिट सिरीज २ ला मागे चार पॅडल आणि तीन मांडण्या आहेत. मात्र बाहेरचे स्वस्त जोड किंवा परवाना नसलेले कंट्रोलर तिथे जपून घ्या. नोव्हेंबर २०२३ पासून अशी उपकरणं कन्सोल अडवतो आणि पडद्यावर 0x82d60002 हा क्रमांक दाखवतो. विकत घेताना खोक्यावर एक्सबॉक्सच्या परवान्याची खूण आहे का ते बघून घ्या.

निन्टेन्डो स्विचवर एप्रिल २०२० च्या अपडेटनंतर System Settings मधल्या Controllers and Sensors खाली Change Button Mapping मिळतं, तेही सगळ्या कन्सोलला लागू. स्विच २ च्या प्रो कंट्रोलरला मागे GL आणि GR अशी दोन बटणं मुळातच दिली आहेत. गेम चालू असताना HOME दाबून धरलं की छोटा पडदा उघडतो, तिथून त्यांना काम नेमायचं, आणि नेमणूक त्या गेमपुरती लक्षात राहते. माझ्या मते या बाबतीत तिघांत निन्टेन्डोचा विचार सर्वांत शहाणा आहे. बाकी दोघांकडे मांडणी हाताने बदलावी लागते, आणि माणूस विसरतो.

पॅडल लागलं, आता सवय. इथे घाई नडते. दोन्ही पॅडल एकदम वापरू नका, एकच नेमा. मी डाव्या पॅडलला सर्कल दिलं, कारण पळायची काठीही डाव्याच हातात आहे. ‘पुढे’ आणि ‘पळ’ हे दोन्ही हुकूम एकाच हातातून सुटतात, डोक्याला सोपं जातं. उजव्या अंगठ्याला कॅमेऱ्याशिवाय काम उरत नाही.

पहिल्या संध्याकाळी माझा माणूस सारखा पळतच होता. शत्रू जवळ असले की पळण्याने हिरवी पट्टी संपते, आणि ऐन वेळी तलवार उचलायला दम उरत नव्हता. लोळण घेऊन वार चुकवायचा, तर तेही होईना. कारण या गेममध्ये लोळण बटण सोडल्यावर होते, आणि मी पॅडल सोडतच नव्हतो. कंट्रोलर तोलून धरायला मधलं बोट इतकी वर्षं जसं दाबून असायचं तसंच ते पॅडलवर दाबून होतं. उपाय दोन केले. लांब पातं काढून अर्ध्या गोळीचं बटण बसवलं, ते मुद्दाम दाबल्याशिवाय दबत नाही. आणि वजन अनामिका-करंगळीवर घेण्यासाठी पकड बोटभर खाली सरकवली. ज्यांचे हात लहान आहेत त्यांना मात्र ही गोळी गाठायला कठीण जाते, त्यांनी पातंच ठेवावं आणि कंट्रोलर मांडीवर टेकवून बसावं.

चौथ्या-पाचव्या दिवशी अंगठा सर्कलकडे जायचा थांबला. दाराची कडी काढताना दुखायचं थांबायला आणखी तीन आठवडे गेले, आणि त्या काळात खेळणं रोज एका तासावर आणलं होतं, तेव्हा श्रेय सगळं पॅडलला देता येणार नाही. बोटांना मुंग्या येत असतील किंवा रात्री हात बधिर होऊन जाग येत असेल तर बटणं बदलत बसू नका, हाडांच्या डॉक्टरांना हात दाखवा.

उजव्या पॅडलला मग हौसेने उडीचं क्रॉस नेमलं. पण R2 जोरात दाबताना उजवं मधलं बोटही सोबत आवळलं जातं, आणि जोरदार वाराच्या आधी माणूस विनाकारण उडी मारायला लागला. दोन दिवस पाहिलं आणि ते पॅडल काढून डबीत ठेवून दिलं.